मदत हवी आहे: कव्हर लेटरमध्ये कोणता आकडा लिहू?

नमस्कार मंडळी. मी कोथरूडला राहते. तीन वर्षं एका ट्रेकिंग कंपनीचे ब्लॉग लिहिले, आता हिंजवडीत कंटेंट रायटरच्या जागेसाठी अर्ज करतेय आणि कव्हर लेटरच्या दुसऱ्याच परिच्छेदात अडकलेय.

राजगडाचा एक जुना लेख मी एप्रिलमध्ये नव्याने लिहिला. गुंजवण्याहून चोर दरवाजाची वाट आणि पाली दरवाजाची सोपी वाट, दोन्ही वेगळ्या करून. मार्च ते मे गूगलवरून 400 क्लिक होते, जून ते ऑगस्ट 2,600. मी थाटात 'साडेसहा पट वाढ' लिहून टाकलं. मैत्रीण म्हणाली, "अगं, पावसाळ्यात राजगड सगळेच शोधतात, त्यात तुझं काय?" बरोबर होतं तिचं.

मग सर्च कन्सोलमध्ये आदल्या वर्षीचे जून ते ऑगस्ट काढले. तिथे 16 महिन्यांपर्यंतचाच डेटा मिळतो, त्यामुळे थोडक्यात वाचले. तेव्हा क्लिक होते 1,600. आता वाक्य असं झालंय:

"राजगडाचा जुना लेख नव्याने लिहिल्यावर पावसाळ्याच्या तीन महिन्यांतले गूगल क्लिक आदल्या वर्षीच्या 1,600 वरून 2,600 वर गेले." खाली लेखाची लिंक.

आकडा लहान झाला, पण मुलाखतीत कुणी खोदून विचारलं तर उत्तर देता येईल. तुम्हाला हे वाक्य पुरेसं वाटतं का?

दुसरी अडचण लिंकचीच. लेखावर माझं नाव नाही, नुसतं 'टीम' आहे. लेख मीच लिहिलाय हे पत्रात कसं सांगू? आणि जुन्या कंपनीचे आकडे विचारून घेतल्याशिवाय लिहावेत का? भरती करणाऱ्या कुणी सांगितलं तर बरं होईल.