मदत हवी आहे: लेकीच्या फिट्सची वही न्यूरोलॉजिस्टना दाखवण्याजोगी कशी करू?

पाऊसवेडी: लेक ७ वर्षांची. पुढच्या आठवड्यात न्यूरोलॉजिस्टकडे जायचंय. आठ महिन्यांच्या नोंदी आहेत, पण काही वहीत, काही नवऱ्याला पाठवलेल्या मेसेजमध्ये. तारीख, किती वेळ, प्रकार, कशामुळे, तातडीचं औषध असे रकाने आखले आणि पहिल्याच नोंदीला अडकले. वहीत एवढंच आहे: "३ तारीख, पहाटे मोठी फिट, ४५ मिनिटं, स्प्रे दिला."

रातकिडा: ४५ मिनिटं सलग झटके, की नंतरची झोपही धरलीय?

पाऊसवेडी: झोप धरूनच. आत्ता मेसेज काढून पाहिले. ५:४० "सुरू झालंय", ५:४५ "स्प्रे मारला", ५:४७ "थांबलं". मग ६:२५ पर्यंत गाढ झोप.

रातकिडा: मग फिट ७ मिनिटांची, झोप ३८ मिनिटं, ती वेगळी लिहा. नुसतं ४५ वाचून डॉक्टरांना वाटेल की स्प्रे लागूच पडला नाही. खरं तर २ मिनिटांत थांबली! औषधाच्या रकान्यात हेच हवं: कितव्या मिनिटाला दिलं, किती मिलिग्रॅम, त्यानंतर किती वेळाने थांबली.

निळाई: प्रकारात सरळ नाव लिहा, फोकल किंवा जनरलाइज्ड. डॉक्टरांना पटकन कळतं.

रातकिडा: डॉक्टरांनीच त्या प्रकाराला नाव दिलं असेल तर ठीक. आपण अंदाजाने नको. माझ्या मुलाच्या वहीत मी वर्षभर "मोठी" लिहीत होतो. नंतर व्हिडिओत दिसलं, आधी डोळे डावीकडे वळतात, मग डावा हात झटकतो. डॉक्टरांना तेच हवं होतं.

पाऊसवेडी: सुरुवात मी पाहिलीच नाही. आवाजाने जाग आली तेव्हा दोन्ही हात झटकत होते.

रातकिडा: मग तेच लिहा, "सुरुवात पाहिली नाही". आणि वेळ "किमान ७ मिनिटं".

दोन_लेकरं: आमच्या धाकट्याला तापात आकडी यायची, पुढे आपोआप गेली. तुमच्याकडे ताप नव्हता ना? मग कारणाचा रकाना रिकामाच सोडा.

पाऊसवेडी: तिचं तापाचं दुखणं नाही, रोजचं औषध चालू आहे. आदल्या रात्री मात्र ती १२ वाजता झोपली होती. "जागरणामुळे" लिहू का?

रातकिडा: "रात्री १२ ला झोपली, एरवी ९ ला" एवढंच लिहा. जागरण होऊनही फिट आली नाही, त्या रात्रीही आठवत असतील तर टाका, नाहीतर दोष उगाच जागरणावर जातो. रोजच्या औषधाचा डोस चुकला किंवा बदलला, त्या तारखेला पानभर आडवी रेघ मारा.

पाऊसवेडी: आणि शाळेत टक लावून बघत राहते ते? बाई म्हणतात, दिवसातून चार-पाचदा. मला घरी एकदाच दिसलं.

निळाई: बाईंचा आकडा वेगळ्या रकान्यात ठेवा.

रातकिडा: हाक मारून, खांद्याला हात लावून ती भानावर येते का, हे बाईंना विचारा. पण ते फिटमध्ये मोजायचं की नाही, हे मला नाही सांगता येणार.

पाऊसवेडी: उद्या शाळेत जाऊन विचारते.