पहाटेचा चहा, बाल्कनी आणि गाणी: तुम्ही काय लावता?

गोदाकाठची
आज पहाटे गंगापूर रोडच्या आमच्या बाल्कनीत चहा घेऊन बसले होते. अंगावर शाल, खाली अजून अंधार. समोरच्या इमारतीत कोणीतरी 'घनश्याम सुंदरा' लावलं आणि मी थेट पंचवटीतल्या आमच्या जुन्या वाड्यात पोचले. आबा बंब पेटवायचे तेव्हा रेडिओवर हेच लागलेलं असायचं. होनाजी बाळाची भूपाळी, वसंत देसाईंचं संगीत, लताबाई आणि पंडितराव नगरकर. 'अमर भूपाळी' १९५१चा, म्हणजे आबांच्या तरुणपणातला.
तेव्हापासून डोक्यात घोळतंय की या वेळेला नेमकं काय शोभतं. भावगीत, नाट्यगीत, थोडं शास्त्रीय, सगळं चालेल. फक्त शांत हवं. आणि कशानंतर काय लावता तेही लिहा.

चहाबाज_सिडको
आम्ही 'शुक्रतारा मंदवारा'. अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा. चहा आणि खळ्यांची चाल, बास. सोबत गवती चहा हवाच, कुंडीत लावलाय.

अनघा_के
चहाबाज, गाणं सुंदरच, पण ते चांदण्यातलं आहे हो! पहाटे दात्यांचंच 'या जन्मावर, या जगण्यावर' लावून बघा. पाडगावकरांचे शब्द आणि यशवंत देवांची चाल. त्यानंतर पेपर उघडावासाच वाटत नाही.
गवती चहा कुंडीत टिकतो का? माझा दोनदा वाळला.

चहाबाज_सिडको
मोठी कुंडी घ्या, खाली भोक हवं. पाती वरून कापायची, उपटायची नाहीत.

राजू_पंचवटी
भूपाळी म्हणजे भूप रागातलं गाणं. म्हणून भूप हा सकाळचा राग. सोपं आहे.

मंद्र
राजूभाऊ, अर्धं बरोबर आहे. बऱ्याच भूपाळ्यांच्या चाली भूपाच्या सुरांत आहेत, पण मैफलीत भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात. किशोरीताईंचं 'सहेला रे' आठवा, ते रात्रीचं गाणं. सकाळी तेच पाच सूर घेऊन येतो तो देसकार.
पेटी असेल तर करून बघा. काळी तीनला सा धरा, मग फक्त काळ्या पट्ट्या वाजवायच्या. सा रे ग प ध आपोआप मिळतात. आता काळी पाचवर, म्हणजे गंधारावर, येऊन येऊन थांबा. संध्याकाळ झाल्यासारखं वाटेल, कारण भूपाचं घर गंधारात. मग वर जाऊन पुढच्या काळी दोनवर, धैवतावर, ठाण मांडा, तिथून वरच्या सा ला हात लावून परत या, आणि रिषभावर रेंगाळू नका. सूर तेच, पण उजाडतं. तो देसकार.
'घनश्याम सुंदरा'ला कोणी भूप म्हणतं, कोणी देसकार. माझा कान देसकाराकडे झुकतो, पण आमच्या गुरुजींचा भूपाकडे झुकायचा, आणि त्यावर आमचं कधीच एकमत झालं नाही.

राजू_पंचवटी
पण घरोघरी सकाळी वाजतंय ना? मग सकाळचंच. वेळेचे नियम गवयांसाठी. आकाशवाणी उघडताना जी धून वाजते, वॉल्टर कॉफमनची, ती शिवरंजनीवर आहे म्हणतात. शिवरंजनी रात्रीचा. तरी ती ऐकली की मला सकाळच दिसते, शाळेची घाई दिसते.

मंद्र
हे मात्र पटलं. कानाला सवय लागली की तीच वेळ होते. तरी ललतच्या बाबतीत मी हटून बसेन. दोन मध्यम शेजारी शेजारी येतात, त्यात एक बेचैनी आहे. अंधार असताना ती खोल वाटते, ऊन बाल्कनीत आलं की तोच ललत टोचायला लागतो. नाशकात जानेवारीत सूर्य सातच्या पुढे येतो, म्हणजे सहाला उठणाऱ्याला तासभर मिळतो. मी असं करतो: अंधारात ललत, फक्त आलाप. तांबडं फुटलं की एखादी भूपाळी. ऊन रेलिंगवर आलं की देसकार किंवा बिलावल. भावगीत सगळ्यात शेवटी, कारण शब्द आले की मन बोलायला लागतं आणि शांतता संपते. चहा दुसऱ्या टप्प्यात, ललतमध्ये तो गार होतो.

सुनीता_वहिनी
माझं थोडं वेगळं. सासरे गेल्यापासून सासूबाईंना चारलाच जाग येते. खोलीत एकट्या बसून राहायच्या. मग मी त्यांची खुर्ची बाल्कनीत ठेवली आणि माणिक वर्मांचं 'अमृताहुनी गोड' अगदी बारीक आवाजात लावायला लागले. पहिले काही दिवस काही बोलल्या नाहीत. परवा स्वतःहून म्हणाल्या, "सूनबाई, आज ते सावळ्याचं लाव गं." म्हणजे 'सावळाच रंग तुझा'. राग कोणता ते मला कळत नाही, पण आता चहा त्या मागून घेतात.

गोदाकाठची
वहिनी, वाचून डोळे भरले. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. 'घननीळा लडिवाळा'ही लावून बघा त्यांच्यासाठी.

अनघा_के
वहिनी 🙏 तुमच्या हाताला यश आहे.

विसामामा
नाशिककरांनो, द. वि. पलुसकरांना कसे विसरलात? त्यांचा जन्म इथलाच, १९२१चा. वडील विष्णु दिगंबर तेव्हा पंचवटीत आश्रम उभारत होते. १९५५ला गेले, चाळिशीही गाठली नाही. पहाटे त्यांचं 'ठुमक चलत रामचंद्र' लावा, आवाजात कुठेही जोर नाही. 'बैजू बावरा'त अमीर खाँसाहेबांबरोबर 'आज गावत मन मेरो' आहे, पण ते देसी रागातलं, उन्हं वर आल्यावरचं. शिवाय जुगलबंदी, चहा सांडेल.
आणि कुसुमाग्रजांचं 'सर्वात्मका शिवसुंदरा', अभिषेकीबुवांनी गायलेलं, नाटकातलं.

मंद्र
मामा, ती दोन वेगळी. 'सर्वात्मका शिवसुंदरा, स्वीकार या अभिवादना' ही शाळेत म्हणतात ती प्रार्थना. 'ययाति आणि देवयानी'मधलं बुवांचं पद 'सर्वात्मका सर्वेश्वरा'. शब्द दोन्हींचे शिरवाडकरांचेच. ते पद भैरवीत आहे, मी सगळ्यात शेवटी ठेवतो. भैरवीनंतर दुसरं काही लावू नये.

विसामामा
भैरवीनंतर मी दुसरा चहा घेतो. तेवढं चालेल ना?

नवी_पालवी
मदत हवी आहे. मी फोनवर ऑनलाइन लावते. किशोरीताईंचं 'जाईन विचारित रानफुला' संपलं आणि धाडकन बनियनची जाहिरात. बाळ उठलं, सगळी सकाळ गेली. शिवाय आवाज कमी केला की तानपुरा ऐकूच येत नाही.

चहाबाज_सिडको
गाणी आधी उतरवून घ्या आणि फोन विमान मोडवर टाका. आपोआप पुढचं गाणं लागतं तेही बंद करा, माझ्याकडे भूपाळीनंतर ढोलवालं रिमिक्स सुरू झालं होतं. स्पीकर रेलिंगवर नको, आवाज बाहेर निघून जातो. भिंतीला पाठ लावून, तोंड आपल्याकडे करून ठेवा, मग कमी आवाजातही तानपुरा येतो. शेजारीही झोपू शकतात.

नवी_पालवी
भिंतीचं आत्ताच करून बघितलं, खरंच फरक आहे! धन्यवाद. बाळ झोपलंय, पळते.

राजू_पंचवटी
मंद्र, काळ्या पट्ट्यांचं करून बघितलं. आमच्या पेटीची काळी पाच बसलीये, म्हणजे गंधारच गेला. दुरुस्त करणारा माहीत आहे का कोणी नाशिक रोडकडे?

विसामामा
आहे एक. दुपारी फोन कर.