कापसाची नोटीस आणि ‘अंडर प्रोटेस्ट’

कापूसवाला, भुसावळ: जीएसटीची २०२२-२३ ची DRC-01 नोटीस आली. माझ्या 3B रिटर्नमध्ये, पुरवठादारांच्या रिटर्नवरून बनणाऱ्या 2B पेक्षा खरेदीवरच्या कराचं ९,४०,००० क्रेडिट जास्त घेतलं म्हणे, वर व्याज आणि दंड. जिनिंगवाल्यांनो, सगळं अंडर प्रोटेस्ट, म्हणजे हरकत नोंदवून, भरा आणि मोकळे व्हा. मी तेच करतोय.

करसल्लागार, धुळे: भाऊ, तुम्हाला भरायचं तर भरा, दुसऱ्यांना कशाला बुडवता? आधी फरक फोडा. शेतकऱ्याच्या कापसावरचा आरसीएम, म्हणजे खरेदीदारानेच भरायचा कर, 2B मध्ये येतच नाही. ते क्रेडिट 3B च्या 4(A)(3) मध्ये जायला हवं. मुनीम 4(A)(5) मध्ये टाकतो आणि फरक तिथेच फुगतो. बारा महिन्यांचे 3B मधले आरसीएमचे 3.1(d) चे आकडे, कॅश लेजर आणि स्वतःच काढलेले सेल्फ इन्व्हॉइस शेजारी मांडा. वार्षिक रिटर्न GSTR-9 चा 6C बरोबर असेल तर बाजू आणखी भक्कम.

समजा ७,२०,००० असे निघाले, तर तेवढी मागणी टिकायला नको. १,३०,००० पुरवठादाराच्या उशिरामुळे एप्रिल २०२३ च्या 2B त आले, तर वाद मधल्या काळाच्या व्याजाचा, तोही क्रेडिट वापरलं असेल तरच. उरलेले ९०,००० ज्या पुरवठादाराने विक्रीचा GSTR-1 भरलाच नाही त्याचे. ते व्याजासह ३० दिवसांत भरा, बाकी DRC-06 या उत्तराच्या फॉर्ममध्ये नाकारा आणि सुनावणी मागा.

नंदुरबारकर: ९०,००० तरी का सोडायचे? पुरवठादाराचं प्रमाणपत्र जोडा. परिपत्रक १८३, पाच लाखांपर्यंत चालतं.

करसल्लागार, धुळे: ते २०२१ पर्यंतच्या व्यवहारांना. १ जानेवारी २०२२ पासून 2B त नाही तर क्रेडिट नाही.

डाळमिल, चाळीसगाव: आमची नोटीस तर ‘Additional Notices and Orders’ मध्ये पडून होती, मेल गेला जुन्या सल्लागाराला. थेट आदेशच हाती आला. याच्यावर बोला आधी!

नंदुरबारकर: पोर्टलवर टाकली म्हणजे बजावली. कलम १६९ वाचा.

डाळमिल, चाळीसगाव: वाचलंय हो. नुसतं पोर्टल पुरेसं नाही असं म्हणणारी हायकोर्टंही आहेत. तुम्ही काय रोज सगळे टॅब उघडून बसता का?

करसल्लागार, धुळे: हो, बसायचं. आणि नोंदणीच्या Non-Core दुरुस्तीत अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचा मेल, मोबाइल स्वतःचा टाकायचा. सल्लागार बदलला की पहिलं काम ते.

कापूसवाला, भुसावळ: माझा धागा नोटिशीच्या टॅबवर चालवू नका! हरलो तर ७,२०,००० वर १८ टक्के, म्हणजे वर्षाला १,२९,६०० व्याज. ते धुळेकर भरणार का?

करसल्लागार, धुळे: आरसीएम रोखीने भरलाय ना, मग कसलं व्याज? बरं, सेल्फ इन्व्हॉइसच नसतील तर तुमचं गणित मान्य, भरा. पण भरण्याच्या DRC-03 फॉर्ममध्ये कारण ‘SCN’, म्हणजे नोटीस, निवडलंत तर साहेब कबुली समजतील, शिवाय पुढे DRC-03A त ते चलन आदेशातल्या मागणीशी जुळवता येणार नाही. तिथे ‘Voluntary’ आणि ‘Others’ च चालतात. ‘Others’ घ्या आणि कारणाच्या रकान्यात व उत्तरात दोन्हीकडे ‘अंडर प्रोटेस्ट’ लिहा. कागद पक्के असतील तर थांबा. आदेश विरोधात गेला तरी अपिलाला वादातल्या कराचे १० टक्केच, म्हणजे ७२,०००.

नंदुरबारकर: आणि ९०,००० वर दंड १० टक्के, म्हणजे ९,०००. त्यासाठी एवढी घाई?

करसल्लागार, धुळे: किमान १०,००० आहे आणि केंद्र-राज्य कायद्यांखाली वेगवेगळा. म्हणजे २०,०००.

डाळमिल, चाळीसगाव: पण नोटिशीतला थोडाच भाग भरला तर त्या भागाचा दंड सुटतो का?

करसल्लागार, धुळे: काही अधिकारी सोडतात, काही म्हणतात सगळं भरा तरच. उत्तरात तेवढ्या रकमेपुरती माफी लेखी मागायची, आदेशात ते नोंदवायला लावायचं.

कापूसवाला, भुसावळ: बरं, बरं. मुनीमजींना 3.1(d) काढायला बसवलंय. ७,२०,००० निघाले नाहीत तर इथेच येऊन भांडेन.