'सामान्य' की 'प्रसामान्य'? (आणि काय वर्गाचं काय करायचं)

अर्धविराम:
एका नोट्सचं मराठीकरण करतेय, पदवीच्या पोरांसाठी, आणि एका वाक्यावर गाडी अडलीय. विषय असा की नमुन्यावरून सगळ्या समष्टीच्या व्हेरियन्सचा विश्वास अंतराल काढायचा, काय-वर्ग वितरण वापरून. मी लिहिलं, "समष्टी सामान्य असेल तरच हा अंतराल वापरावा." तपासणाऱ्या सरांनी 'सामान्य' वर काट मारून लिहिलं, "नमुना पुरेसा मोठा असेल तरच". म्हटलं सर, मूळ वाक्यात नॉर्मल आहे, तर म्हणाले 'सामान्य समष्टी' वाचून पोरांना काहीच बोध होत नाही, अर्थ तोच आहे. मला फक्त शब्द हवाय. सामान्य, प्रसामान्य, की सरळ नॉर्मल?

टकमक:
प्रसामान्य. आम्हाला कॉलेजात हाच होता आणि व्हेरियन्सला प्रचरण. सामान्य म्हणजे ordinary झालं, तिथेच घोळ.

जुनी पाटी:
प्रचरण?? आम्ही विचरण शिकलो. प्रचरण ऐकलं की मला प्रचार आठवतो.
बाकी 'प्रसामान्य' हा शब्द कोणी कधी तोंडाने बोललाय का? परिभाषा समितीच्या बैठकीत 'प्र' शिल्लक राहिला होता म्हणून चिकटवला असं मला कायम वाटत आलंय.

गुणिले:
नॉर्मलचं मूळ लॅटिन norma, म्हणजे सुताराचा गुण्या, काटकोन्या. म्हणून भूमितीत नॉर्मल म्हणजे लंब. गुण्याला लावून बरोबर आलेलं ते नॉर्मल, म्हणजे मापात बसणारं. त्या हिशेबाने 'प्रमाण वितरण' व्हायला हवं होतं, पण प्रमाण आपण आधीच स्टँडर्डला देऊन बसलो.

जुनी पाटी:
गुण्याचं उदाहरण द्यायला नाव बरं निवडलंत :)

सरळरेषा:
शब्दाचं तुम्ही ठरवा, पण अर्धविराम, तुमच्या सरांनी शब्द नाही बदलला, गणित बदललं. "नमुना मोठा असावा" हे सरासरीच्या बाबतीत चालतं. व्हेरियन्सच्या या अंतरालाला ते चालत नाही, आणि हीच त्या धड्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. ती परत घाला, शब्द कुठलाही घ्या.

दशांश:
असं कसं? मध्यवर्ती सीमा प्रमेय आहे ना, n तीसच्या वर गेला की सगळं नॉर्मलच होतं. सरांचं बरोबर आहे, जरा ढोबळ आहे एवढंच.

सरळरेषा:
'सगळं' नाही होत हो. सरासरीचं वितरण नॉर्मलकडे जातं, मूळ आकडे जसेच्या तसे राहतात. आता इथे बघा. सूत्र असं आहे:

(n−1)s² / χ²(0.975) पासून (n−1)s² / χ²(0.025) पर्यंत

समजा n = 10 मापं घेतली आणि नमुन्याचा व्हेरियन्स s² आला 4. वर 36. स्वातंत्र्याच्या 9 मात्रांसाठी तक्त्यात 19.02 आणि 2.70. भागाकार केला की 1.89 ते 13.33. खाली दोनच एकक आणि वर नऊच्या पुढे, कारण काय-वर्ग स्वतःच उजवीकडे कललेला आहे, त्यामुळे ± करून चालत नाही. एवढं सगळेच शिकवतात. मला दाखवायचंय ते पुढचं. या सूत्रात नमुन्यातून काय काय आत गेलं? n गेला आणि s² गेला, बस्स. आकड्यांची शेपटी किती लांब आहे हे सूत्र विचारतच नाही. ती नॉर्मलच्या शेपटीएवढीच आहे असं ते आधीच धरून बसलंय.

s² म्हणजे तरी काय, विचलनांच्या वर्गांची सरासरी. लांब शेपटीच्या समष्टीत अधूनमधून एखादा लांबचा आकडा येतो, त्याचा वर्ग होतो, आणि s² एका नमुन्यात फुगतो तर दुसऱ्यात बसतो. n वाढवला की हे हेलकावे कमी होतात हे खरं, पण सूत्राने धरलेले हेलकावेही त्याच वेगाने कमी होतात. त्यामुळे दोघांमधलं गुणोत्तर आहे तिथेच राहतं.

दशांश:
गुणोत्तर किती म्हणजे?

सरळरेषा:
ते शेपटीवर आहे. ककुदता म्हणा, कर्टोसिस म्हणा, नॉर्मलच्या वर जेवढी असेल तिला k म्हणू. मोठ्या नमुन्यात s² चं खरं प्रचरण सूत्राने धरलेल्याच्या साधारण 1 + k/2 पट असतं. घातांकी वितरणात k = 6, म्हणजे चौपट, म्हणजे अंतराल जेवढा रुंद हवा त्याच्या निम्माच निघतो. तुम्ही लिहिता 95 टक्के, प्रत्यक्षात तो खऱ्या व्हेरियन्सला पकडतो सुमारे 67 टक्के वेळा. n दोनशे घ्या नाहीतर दोन लाख. उलट एकसमान वितरणात k = −1.2, तिथे हाच अंतराल उगाच रुंद येतो आणि 99 टक्क्यांच्याही वर पकडतो. विश्वास बसत नसेल तर चालवून बघा:

```r
n <- 200
mean(replicate(10000, {
  v <- (n-1) * var(rexp(n))
  v/qchisq(.975, n-1) < 1 & 1 < v/qchisq(.025, n-1)
}))
```

दशांश:
चालवलं. दोन-तृतीयांशाच्या आसपास येतंय. n 2000 केला तरी तिथेच. च्यायला. मी चार वर्षं पोरांना 'तीसच्या वर चालतं' सांगतोय.

जुनी पाटी:
'ककुदता'! ककुद म्हणजे बैलाचं वशिंड. शेपटी मोजायला वशिंड. वा रे परिभाषा.

गुणिले:
पण शब्द सुंदर आहे हो, शिखराचा उंचवटा डोळ्यासमोर येतो.

सरळरेषा:
सुंदर आहे पण दिशाभूल करतो. ककुदता शिखराबद्दल फार कमी सांगते, शेपटीबद्दल जास्त. इंग्रजीतही हाच गैरसमज आहे, त्यामुळे आपल्याच समितीला का बोला.

फिरस्ता_कोडर:
जरा वेगळं विचारतो, कदाचित इथे बसत नसेल. आमच्याकडे सर्व्हरला उत्तर द्यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजतो. एका आठवड्यात 200 नोंदी, प्रमाण विचलन 40, म्हणजे व्हेरियन्स 1600. याच सूत्राने अंतराल काढला, 1327 ते 1968 आला. पुढच्या आठवड्यात परत 200 नोंदी, व्हेरियन्स 2500. अंतरालाच्या बाहेर, म्हणून 'सिस्टिम बदलली' असं जाहीर केलं आणि दोन दिवस सगळे बग शोधत बसले. काहीच सापडलं नाही. तर माझा प्रश्न, विश्वास अंतरालातला विश्वास नक्की कशावर ठेवायचा असतो?

टकमक:
म्हणूनच मी म्हणते 'विश्वास' हा शब्दच चुकीचा. विश्वास माणसावर असतो. 'भरवसा' घ्या.

जुनी पाटी:
भरवशाच्या म्हशीला टोणगा हे विसरलात का?

टकमक:
:D तेच तर, 67 टक्के वेळा!

सरळरेषा:
म्हैस 33 टक्के वेळा दगा देते, हिशेब नीट करा.
फिरस्ता, तुमचं इथे अगदी बसतं. उत्तराच्या वेळा जवळजवळ कायम उजवीकडे लांब शेपटीच्या असतात. समजा तुमची शेपटी घातांकीसारखी आहे, तर अंतराल साधारण दुप्पट रुंद हवा होता. आणि दुसरी गंमत अशी की दुसऱ्या आठवड्याचा 2500 हासुद्धा नमुन्यातूनच आलाय, त्यालाही स्वतःचे हेलकावे आहेत, तो जणू पक्का आहे असं समजून पहिल्याच्या अंतरालात बसवून बघणं मुळातच बरोबर नाही. दोन्ही धरलं तर 1600 आणि 2500 मधला फरक नुसत्या योगायोगाने येऊ शकतो. म्हणजे सिस्टिम बदलली नाही असं मी म्हणत नाही, या आकड्यांवरून ते कळत नाही एवढंच.

फिरस्ता_कोडर:
मग लॉग घेऊन करू का? लॉग घेतला की आकडे बरेच घंटेसारखे दिसतात.

सरळरेषा:
करा, पण मग ते लॉगच्या व्हेरियन्सचं उत्तर असेल, मिलिसेकंदांच्या व्हेरियन्सचं नाही. लॉग उलटा फिरवून ते परत मिळत नाही. बूटस्ट्रॅपही आहे, पण लहान नमुन्यात शेपटीचा आकडा आलाच नसेल तर बूटस्ट्रॅप तो कुठून आणणार, तोही कमी पडतो.

दशांश:
मग आधी नॉर्मल आहे का ते तपासून घ्यावं ना? चाचण्या आहेत की.

सरळरेषा:
क्यू-क्यू आलेख काढा, टोकाचे ठिपके रेषेवरून उचलले गेले की समजायचं. पण 10 आकड्यांत चाचणीला काही दिसत नाही, ती 'नॉर्मल नाही असा पुरावा नाही' म्हणते आणि लोक त्याचं 'नॉर्मल आहे' करतात. यावर माझ्याकडे पक्का उपाय नाही. मोजमाप कशाचं आहे, शेपटी कुठून येऊ शकते, हे त्या कामातल्या माणसालाच विचारावं लागतं.

गुणिले:
जॉर्ज बॉक्सने 1953 मध्ये याच व्हेरियन्सच्या चाचण्यांबद्दल लिहिताना 'रोबस्ट' हा शब्द संख्याशास्त्रात आणला. सरासरीच्या चाचण्या रोबस्ट, व्हेरियन्सच्या नाहीत. याला मराठीत काय म्हणाल? मी 'काटक' सुचवतो. गृहीतक थोडं हललं तरी मोडत नाही ते काटक.

टकमक:
काटक!! हा घेतला मी. 'सरासरीचा अंतराल काटक, प्रचरणाचा नाजूक.' नाहीतर कोशवाले 'सुदृढ' म्हणतील.

जुनी पाटी:
सुदृढ काय वाईट आहे? काटक म्हटलं की अंगावर मांस नसलेला माणूस दिसतो. आणि विचरणाचा, प्रचरणाचा नाही.

दशांश:
काटकच बरोबर, हाडं दिसतात पण आजारी पडत नाही तो. सुदृढ बालक स्पर्धेतलं बाळ पहिल्या पावसात शिंकतं.

अर्धविराम:
अहो, माझं वाक्य राहिलं. सरांना मी वरचं सगळं वाचून दाखवलं, मोठ्या नमुन्याचं वाक्य त्यांनी काढलं, जरा कुरकुर करूनच. पण म्हणतात 'प्रसामान्य' नको, बोजड आहे, आणि 'सामान्य' लिहिलं तर पोरं वाचून पुढे जातील, कारण सामान्य म्हणजे त्यांना 'नेहमीसारखी' वाटतं आणि आपली समष्टी नेहमीसारखीच आहे असं प्रत्येकालाच वाटतं. हे मात्र मला पटलं. मग आता "समष्टीचं वितरण नॉर्मल असेल तरच, नमुना कितीही मोठा असला तरी" असं लिहू?

टकमक:
नॉर्मल??? एवढी चर्चा करून शेवटी नॉर्मल?

सरळरेषा:
"नमुना कितीही मोठा असला तरी" हे ठेवा. बाकी तुमची मर्जी.

जुनी पाटी:
आणि काय-वर्ग तसाच? "हा अंतराल काय वर्गावरून काढतात" हे वाचून पोरं विचारतील, काय?

गुणिले:
ग्रीक लोक त्या अक्षराला 'खी' म्हणतात. खी-वर्ग करा.

टकमक:
खी खी.