मदत हवी आहे: बोलून टाईप केलेली नोटीस ऐकायला बरोबर, वाचायला विचित्र

सीमेवरचा_सुभ्या

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाचं काम बघतो. घरी मराठी, पण शाळा कन्नड माध्यमात झाली, त्यामुळे मराठी नोटिसा मोबाइलवर बोलूनच टाईप करतो आणि मोबाइललाच वाचायला लावून तपासतो. परवाची नोटीस अशी आली:

"ज्या सभासदांने वर्गणी दिलि नाहीं, त्यांने ती पाच तारखेपुर्वी भरावि आणी पावति घ्यावी."

वाचून दाखवताना मोबाइल कुठेच अडखळला नाही. फळ्यावर लावली तर निवृत्त गुरुजींनी लाल पेनानं रंगवून परत दिली. कानाला बरोबर असलेलं चुकीचं कसं? आणि न चुकता तपासायचं कसं?

टिळकवाडी_एक्सप्रेस

सोपं आहे. बोलून टाईप करायची भाषा हिंदीवर राहिली असणार. आपल्याकडे फोनमध्ये कन्नड, हिंदी, मराठी तिन्ही चालू असतात. हिंदी काढून टाका, सगळं सरळ होईल.

सीमेवरचा_सुभ्या

हिंदी चालू होती खरी, दादा. बंद केल्यावर "नाहीं"चं "नाही" झालं. बाकीचं जसंच्या तसं.

शहापूर_छपाई

आमच्या प्रेसमध्ये युनिकोडचा मजकूर जुन्या फाँटमध्ये घेतला की टिंबं उडतात, रफार भलत्याच अक्षरावर जातो. कन्व्हर्टर बदलून बघा.

सीमेवरचा_सुभ्या

छपाईला दिलंच नाही हो, मोबाइलवरच असं दिसतंय.

जुना_प्रूफवाला

सुभ्या, तुमची कन्नड शाळा इथे नडली, पण कोडंही तिच्यातूनच सुटेल. कन्नडात ऱ्हस्व इ आणि दीर्घ ई बोलतानाच वेगळ्या ऐकू येतात. मराठीत शब्दाच्या शेवटी तो फरक उरत नाही. "दिलि" लिहा की "दिली", तोंडातून एकच निघतं. मोबाइल वाचतोही तसाच, म्हणून ऐकून ही चूक कधीच सापडणार नाही. लिहिताना शेवटची वेलांटी आणि उकार दीर्घ, म्हणजे दिली, भरावी, पावती. "आणि", "परंतु", "तथापि" असे थोडे शब्द मात्र ऱ्हस्व. तेवढे पाठच करा.

टिंबाची गोष्ट वेगळी. पुढे न आला की टिंबाचा उच्चारही न् सारखाच होतो आणि पुढच्या न मध्ये मिसळतो. म्हणून "सभासदाने" आणि "सभासदांने" घाईत सारखंच ऐकू येतं. पण तुमच्या नोटिशीत खरा घोळ तिथेच आहे. एक सभासद असेल तर "सभासदाने", अनेक असतील किंवा मान द्यायचा असेल तर "सभासदांनी". "सभासदांने" धड हेही नाही, तेही नाही. आपण सगळेच मोबाइलवर तसं लिहितो आणि लोकांनी लिहिलेलं बघूनच ते यंत्र शिकतं, त्याला व्याकरण कोण शिकवणार!

करा असं: मजकुरात "ांने" शोधा. मिळेल तिथे चूक आहेच, पण सगळीकडे एकदम बदलू नका. प्रत्येक ठिकाणी एक की अनेक ते बघून "ाने" किंवा "ांनी" करा. तुमच्याकडे "ज्या सभासदाने… त्याने" किंवा "ज्या सभासदांनी… त्यांनी", दोन्ही चालेल. "पुर्वी"चं "पूर्वी" करा, मूळ शब्द "पूर्व" आहे.

टिळकवाडी_एक्सप्रेस

मग "कि" शोधून "की" पण एका झटक्यात करता येईल की!

जुना_प्रूफवाला

तसं केलंत तर "किती"चं "कीती" आणि "किंवा"चं "कींवा" होईल. दोन्ही बाजूंना मोकळी जागा घालून शोधा. तरी स्वल्पविरामाला चिकटलेला "कि" सुटतोच.

हळदीकुंकू_७८

माझं तर वेगळंच रडगाणं. मी आपल्या बेळगावी बोलीत "जाऊलालोय" म्हटलं की काहीतरी "जाऊ लालू" असं उमटतं. तिथे वाचून दाखवणाराही गडबडतो, म्हणजे निदान कळतं तरी!

सीमेवरचा_सुभ्या

ताई, तुमचं बरं आहे मग. काका, लिबरऑफिसमध्ये मराठी शब्दकोश टाकला. "दिलि", "भरावि" खाली लाल रेघ आली. पण जुन्या नोटिशीत "प्रजासत्ताक दीन" होतं, ते त्याला चाललं.

जुना_प्रूफवाला

चालणारच. "दीन" म्हणजे गरीब, तोही शब्द खराच. त्याला प्रत्येक शब्द सुटा दिसतो, त्यामुळे कोशातला चुकीचा शब्द अचूक सुटतो. असे शब्द हळूहळू वहीत लिहून ठेवा. दिन–दीन, शिर–शीर यांपासून सुरुवात करा.

सीमेवरचा_सुभ्या

बरं. वही केली. अजून एक अडतंय: बोलताना मी "त्यांनी"च म्हणतो, मोबाइल कधी "त्यानी" लिहितो, कधी "त्यांनी". आधी सावकाश बोललो तर फरक पडेल का, कुणी करून बघितलंय?