मदत हवी आहे: आजोबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला नातवंडांचा शुभेच्छा संदेश

गिरणाकाठ
नमस्कार मंडळी. रविवारी आमच्या आजोबांना (आम्ही आबा म्हणतो) 80 वर्षं पूर्ण होतात. भडगाव तालुक्यात, गावी मळ्यातच कार्यक्रम आहे. वरण-बट्टी आणि भरिताचं जेवण ठरलंय. आम्ही नातवंडं माइकवर संदेश वाचणार, तोच फ्लेक्सवर छापायचाय. सध्या एवढं लिहिलंय:

"तीर्थरूप आबा, आपल्या 80व्या वाढदिवसानिमित्त हार्दिक शुभेच्छा! तुम्ही आमच्या जीवनाचे दीपस्तंभ आहात. आपणांस दीर्घायुष्य लाभो, हाच आशीर्वाद!"

पुढाऱ्याच्या फ्लेक्ससारखं वाटतंय. काय बदलू?

चोपडेकर
80 झाली म्हणजे हजार पौर्णिमा झाल्या. वर मोठ्या अक्षरांत 'सहस्रचंद्रदर्शन सोहळा' टाका.

निवृत्त गुरुजी
ऐंशी पूर्ण झाली की तो विधी करतात, हे खरं. पण पौर्णिमा साडेएकोणतीस दिवसांनी येते, त्यामुळे हजार भरायला 80 वर्षं आणि साधारण दहा महिने लागतात. पूजा ठेवली नसेल तर 'अभीष्टचिंतन' पुरे.

मजकुराचं म्हणाल तर, नातवंडं आजोबांना आशीर्वाद देत नाहीत, त्यांच्याकडून घेतात. ती ओळ आधी काढा. तीर्थरूप आई-वडिलांना लिहितात, आजोबांना तीर्थस्वरूप. 'आपण' आणि 'तुम्ही' एकत्र नको; घरात जे म्हणता तेच शेवटपर्यंत ठेवा. आणि दीपस्तंभाच्या जागी त्यांची एखादी खरी आठवण घाला. कोणती आहे?

सोनकेळी
आजीच्या पंचाहत्तरीला आम्ही कणकेच्या 75 दिव्यांनी ओवाळलं होतं. मळ्यात वारा असतो, अर्धे दिवे विझले. तुम्ही औक्षण ओसरीवर करा.

गिरणाकाठ
औक्षण आत्याकडे आहे, तिला सांगते. गुरुजी, आठवण आहे. सुट्टीत रात्री लाइट आली की आबा केळीला पाणी भरायला जायचे, आम्हालाही न्यायचे. बॅटरी आमच्या हातात. "उजेड पायाजवळ धर" म्हणायचे, साप-विंचवाचं भय असायचं ना.

निवृत्त गुरुजी
मग हेच वाचा:

"तीर्थस्वरूप आबांना साष्टांग नमस्कार. आज तुम्हाला 80 वर्षं पूर्ण झाली. रात्री लाइट आली की तुम्ही केळीला पाणी भरायला निघायचात आणि बॅटरी आमच्या हातात द्यायचात. 'उजेड पायाजवळ धर' हे तुमचे शब्द आम्ही अजून विसरलो नाही. तुमची तब्येत चांगली राहो, हेच देवाजवळ मागणं. आम्हाला आशीर्वाद द्या. तुमची सगळी नातवंडं."

फ्लेक्सवर एवढं छापू नका, लांबून कोणी वाचू शकत नाही. तिथे फक्त नाव, 'अभीष्टचिंतन' आणि 'तुमची सगळी नातवंडं'.

चोपडेकर
शेवटी एक ओळ अहिराणीत म्हणा ना! "आबा, तुमले वाढदिवसन्या शुभेच्छा!" आबा घरात तेच बोलत असतील.

सोनकेळी
पुण्यात वाढलेल्या नातवंडांनी पाठ करून म्हटलं तर उसनं वाटेल.

गिरणाकाठ
आबा आमच्याशी अहिराणीच बोलतात, उत्तर मात्र आम्ही मराठीत देतो. धाकट्या भावाला नीट जमते, ती ओळ त्याला द्यावी असं वाटतंय. आत्याला ते पटत नाहीये. गुरुजींचा मजकूर मात्र आज सगळ्यांना पाठवते.