मुखपृष्ठासाठी दोन बोटं आभाळ वाढवलं तर काय बिघडतं?

पानजुळणी
आमच्या मासिकात संपादकांनी फोटोंसाठी टिपण फिरवलंय. उजेड-अंधार, रंगछटा, कातर आणि सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके, एवढ्यालाच हात लावायचा. चौकटीतलं काही काढायचं नाही, घालायचं नाही, हलवायचं नाही, फोटो उलटा फिरवायचा नाही. इथे आषाढाच्या अंकाचं मुखपृष्ठ अडकलंय. दिवे घाटातला आडवा फोटो आहे. पताका वरच्या कडेला टेकल्यात, मासिकाच्या नावाला जागाच नाही. उजव्या कोपऱ्यात कुणाचा तरी मोबाइल धरलेला हात घुसलाय. वर थोडं आभाळ वाढवून हात पुसला तर वारी खोटी ठरते का? मला हा नियम अति वाटतो.

लग्नसराई
आम्ही अल्बममध्ये वायरी, पंखे, केटररची माणसं रोज काढतो. एकदा तर नवरीच्या मामांनी सांगितलं म्हणून एक अख्खा पाहुणा काढला. गिऱ्हाईक खूश. क्लोन टूल नीट वापरलं तर कुणाला पत्ता लागत नाही. फाइल पाठवा, करून देतो.

जुना फोटोडेस्क
लग्नसराई, अल्बम ज्याचा असतो त्यानेच बदल सांगितलेला असतो. मासिकाच्या वाचकाला कुणी विचारलेलं नसतं. पत्ता लागत नाही हीच तर अडचण आहे.

पानजुळणी, तुमची अडचण नवी नाही. नॅशनल जिओग्राफिकच्या फेब्रुवारी 1982च्या अंकावर गिझाचे पिरॅमिड होते. मूळ फोटो आडवा आणि मुखपृष्ठ उभं, म्हणून संगणकावर पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले. तेव्हा बचावही असाच होता, की छायाचित्रकार चार पावलं बाजूला उभा असता तर असंच दिसलं असतं. पण तो तिथे उभा नव्हता. इतकी वर्षं झाली, तो अंक आठवतो तो याच कारणासाठी.

हाताचंही उदाहरण आहे. एपी या वृत्तसंस्थेसाठी सीरियात काम करणाऱ्या नार्सिसो कॉन्ट्रेरास यांनी एका फोटोच्या कोपऱ्यात आलेला सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा पुसला. बातमीशी त्याचा काही संबंध नव्हता. तरी जानेवारी 2014 मध्ये एपीने त्यांच्याशी संबंध तोडले आणि त्यांचे जवळपास पाचशे फोटो तपासले. बाकीच्यांत बदल सापडला नाही, पण तपासावे लागले. एक हात पुसला की तुमच्या छायाचित्रकाराच्या सगळ्या फोटोंवर तोच प्रश्न येतो.

कातरवाला
मग कातर कशी चालते? तीही पुसणंच आहे की. इकॉनॉमिस्टने 2010 मध्ये ओबामांना समुद्रकिनारी एकटं दाखवलं होतं, शेजारची माणसं कातरून. कातर चालत असेल तर क्लोनवर राग का?

जुना फोटोडेस्क
अर्धं बरोबर. त्या रॉयटर्सच्या फोटोत ओबामांबरोबर दोघं होती. तटरक्षक दलाचे अ‍ॅडमिरल कातरीत गेले. पण स्थानिक लोकप्रतिनिधी असलेली बाई ओबामांच्या अगदी जवळ होती, ती कातरून जाईना. तिला पुसून तिच्या जागी पाणी भरलं. ओबामा मान खाली घालून तिचं ऐकत होते, ते मेक्सिकोच्या आखातातल्या तेलगळतीने खचलेले, एकाकी दिसायला लागले. अनोळखी बाई पाहून वाचक गोंधळले असते, असं इकॉनॉमिस्टचं म्हणणं होतं.

कातरीनेही खोटं बोलता येतं, मान्य. पण चौकटीबाहेर जग आहे हे वाचकाला ठाऊक असतं. चौकटीच्या आत जिथे पाणी दिसतंय तिथे बाई होती, अशी शंका घ्यायचं त्याला कारण नसतं.

छापखाना
टिपणात ‘उजेड-अंधार चालेल’ म्हटलंय, किती ते नाही. खरी गोम तिथेच आहे. न्यूजप्रिंटवर शाई पसरते, सावल्या भरून येतात. सावळा चेहरा स्क्रीनवर छान दिसतो आणि कागदावर नुसता काळा गोळा. तो उजळावाच लागतो. उलट टाइमने जून 1994 मध्ये खुनाच्या आरोपात अटक झालेल्या ओ. जे. सिम्पसन या कृष्णवर्णीय खेळाडूचा पोलिसांनी काढलेला फोटो मुखपृष्ठावर गडद करून छापला. त्याच आठवड्यात न्यूजवीकवर तोच फोटो जसाच्या तसा होता. दुकानात दोन्ही अंक शेजारी लागले आणि बोंब झाली. नुसतं गडद करणं तुमच्या टिपणाप्रमाणे पास झालं असतं.

पानजुळणी
हे मात्र पटलं. आणि उलटा न फिरवण्याचं काय? माणूस पानाच्या आत बघणारा हवा म्हणून आम्ही सर्रास फिरवतो. त्यात कुणाचं नुकसान?

सुईदोरा
नऊवारीतली बाई फिरवा, पदर उजव्या खांद्यावर जातो, नथ उजव्या नाकपुडीत. गावाकडच्या वाचक बायका हे पहिलं पकडतात, टोपीवरची उलटी अक्षरं नंतर.

मला वेगळंच विचारायचंय. मी अत्याचारग्रस्त मुलींसोबत काम करते. या टिपणाप्रमाणे चेहरा धूसर करणंही बंद का? एका अंकात मुलीचा चेहरा हलकासा धूसर केला, पण घराचं दार आणि शाळेचा गणवेश स्वच्छ दिसत होता. अख्ख्या गावाने ओळखलं.

जुना फोटोडेस्क
बंद असू शकत नाही. लैंगिक अत्याचारातल्या मुलांची ओळख उघड करायला पॉक्सो कायद्याच्या कलम 23 ने मनाई आहे. शिवाय धूसर केलेलं वाचकाला दिसतं, तिथे काही लपवलंय हे तो जाणतो. टिपणात हा अपवाद ठळक घाला, आणि हलकं धूसर नको, पूर्ण झाकायचं. त्याहून चांगलं म्हणजे फोटो काढतानाच पाठीमागून उजेड घेऊन नुसती आकृती ठेवायची, दार-गणवेश चौकटीत येऊच द्यायचा नाही.

धुळीच्या ठिपक्यांबद्दलही एक. ‘ती धूळ होती’ म्हणून लोक पक्षी, दिवे, काय काय काढतात. त्याच वेळचे पुढचे-मागचे फोटो मूळ फाइलसकट मागवा. सेन्सरवरची धूळ त्याच जागी दिसते, विशेषतः एफ/16 सारख्या लहान छिद्रावर आभाळ टिपलं असेल तर. एकाच फोटोत असलेला ठिपका धूळ नव्हे.

छापखाना
पानजुळणी, फोटोचा आकार आणि मुखपृष्ठाचं माप सांगा.

पानजुळणी
6000 बाय 4000 पिक्सेल. मुखपृष्ठ साडेआठ बाय अकरा इंच.

छापखाना
मग आभाळ कशाला बनवता? वर दोन इंचांची सपाट रंगाची पट्टी घ्या, मासिकाचं नाव तिच्यावर. फोटोला साडेआठ बाय नऊ इंच उरतात. फोटोची पूर्ण उंची ठेवली तर रुंदी साधारण 3780 पिक्सेल लागते, म्हणजे उजवीकडचे 2200 सहज जातात. छपाईला इंचाला 300 पिक्सेल लागतात, तुमच्याकडे 440च्या वर आहेत. पताका अखंड राहतात आणि पट्टी ही पट्टीच दिसते, आभाळ म्हणून कुणी फसत नाही.

पानजुळणी
बसतंय! कोपऱ्यातला हातही आपोआप गेला.

कातरवाला
म्हणजे शेवटी हात गेलाच. क्लोनने नाही, कातरीने. निम्मे वारकरी मोबाइल घेऊन चालतात आणि मुखपृष्ठावर मात्र दरवर्षी शंभर वर्षांपूर्वीची वारी.

जुना फोटोडेस्क
या बाबतीत मी कातरवाल्यांकडे झुकतो. नियमात बसतंय, पण मी असतो तर छायाचित्रकाराकडे मोबाइलसकट चांगली जमलेली दुसरी चौकट आहे का, ते आधी विचारलं असतं.

पानजुळणी
आहे एक. आजोबा सेल्फी काढतायत, मागे दिंडी. संपादक म्हणतात, आषाढाला ती शोभत नाही.

लग्नसराई
ती टाका की राव. मी विकत घेईन.